हद्द कायम

प्रत्येक तालुक्याच्या गावाला एक अर्ज लिहिणारा माणूस असतो. तो वकील नसतो. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस तर नसतोच, कारण अर्जनवीस पैसे घेऊन दुसऱ्याचे अर्ज लिहितो आणि हा पदरमोड करून स्वतःचे लिहितो. बहुधा सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला असतो. अक्षर वळणदार, घरात टाचण्यांची डबी, डिंकाची बाटली आणि आता बाजारात शोधूनही न मिळणारा कार्बन पेपर. त्याच्याशी भांडता येत नाही. आपण आवाज चढवला की तो शांतपणे म्हणतो, "हेच लेखी द्या."

आमच्या कारंज्यात हे पद काकाजींकडे आहे. उभी नोकरी त्यांनी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढली. आर्वी, आष्टी, कारंजा या तिन्ही तालुक्यांतल्या संत्र्याच्या बागांचे बांध त्यांच्या पायाखालून गेलेत. सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन धुऱ्यावर उभे असताना मधोमध टेप धरून उभं राहायचं, दोघांच्याही घरचा चहा नाकारायचा आणि संध्याकाळी नकाशावर एक रेघ मारून निघून जायचं, असा तो धंदा. त्यातून माणसाचा स्वभाव असा घडतो की त्याला जगातली कुठलीही वस्तू दिसली की आधी तिची लांबी दिसते. लग्नाच्या पंगतीत बसले तरी काकाजी पत्रावळ्यांमधलं अंतर नजरेनं तोलतात. त्यांच्या अंगणातली तुळससुद्धा दोन्ही भिंतींपासून सारख्या अंतरावर आहे.

अशा माणसाला कोणी ऑनलाइन वस्तू मागवू देऊ नये. पण डॉक्टरांनी कंबरेसाठी योगासनं सांगितली, देवळाच्या सभागृहातल्या सकाळच्या वर्गात बाईंनी "मॅट आपापली आणायची" म्हणून बजावलं आणि शेजारच्या बारावीतल्या पोरीनं काकाजींच्या मोबाइलवर ते दुकान उघडून दिलं. काकाजींची उंची पाच फूट नऊ इंच, म्हणजे एकशे पंचाहत्तर सेंटीमीटर. त्यांनी तीन संध्याकाळी वाचन केलं आणि एक मॅट पसंत केली. शीर्षकात 'सहा फुटी', खाली तक्त्यात लांबी १८३ सेंमी, रुंदी ६१ सेंमी, जाडी ६ मिमी, किंमत ६४९ रुपये. शवासनात पावलं सैल सुटतात, बोटं पुढे कलतात आणि झोपलेला माणूस उभ्या माणसापेक्षा थोडा लांब भरतो, हेही त्यांनी हिशोबात धरलं होतं.

मागवताना पहिली अडचण पत्त्याची आली. आमच्या गावाचं नाव कंसासकट आहे : कारंजा (घाडगे). कंस काढला की आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) मध्ये विलीन होतो, आणि ते गाव नृसिंहसरस्वतींचं जन्मस्थान असल्यामुळे लौकिकात आमच्यापेक्षा फार मोठं आहे. दुकानाच्या फॉर्मला मात्र कंस चालत नव्हता; 'विशेष चिन्हे वापरू नयेत' अशी तांबडी ओळ यायची. काकाजी म्हणाले, "गावाचं नाव विशेष चिन्ह कसं होते जी?" शेवटी पिनकोड ४४२२०३ बरोबर असला की झालं, अशी पोरीनं समजूत काढली. पार्सल तरीही आधी लाडांच्या कारंज्याला जाऊन आलं. त्याबद्दल काकाजींनी वेगळा अर्ज केला आहे. तो या लेखाचा विषय नाही.

मॅट आली ती गुंडाळी होऊन, पारदर्शक पिशवीत. काकूंनी पिशवी ओढून काढली आणि बाजूला ठेवली. काकाजींनी मॅट उलगडली, आडवे झाले, आणि त्यांच्या टाचा फरशीला लागल्या.

"बारकी आहे," ते छताकडे पाहून म्हणाले.

"पाय आखडा थोडे," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

आता सामान्य माणूस इथे काय करतो? पाय आखडतो. दोन दिवस कुरकुर करतो, मग विसरतो. साडेसहाशे रुपयांच्या वस्तूसाठी कोण डोकं लावणार, असं म्हणून गप्प बसणाऱ्यांच्या भरवशावरच हा सगळा व्यापार चालतो. पण काकाजींच्या आयुष्यात 'बारकी' हा शब्द पुरावा नव्हता. जमीन कमी वाटते म्हणून कोणी कमी भरत नाही. ती मोजावी लागते. त्यांनी दिवाणाखालून स्टीलची टेप काढली.

मॅट मोजणं दिसतं तितकं सोपं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. कारखान्यातून ती घट्ट गुंडाळून येते, महिनोन् महिने गोदामात तशीच पडते. त्यामुळे आतल्या टोकाला वेढा बसतो, फेस दाबला जातो आणि उलगडली तरी टोक फण्यासारखं वर उठतं. ते तसंच मोजलं तर मॅट कमी भरणारच, आणि दुकानदाराला आयतं निमित्त मिळणार. ताणून मोजली तर जास्त भरते, कारण हा फेस रबरासारखा ताणला जातो. काकाजींनी ती उलट्या बाजूनं एकदा गुंडाळली, सोडली, घोटीव फरशीवर पसरली आणि चारही कोपऱ्यांवर महसुली कायद्याची जुनी पुस्तकं ठेवून रात्रभर तशीच राहू दिली. काकूंना त्या रात्री देवघराकडे भिंतीला धरून जावं लागलं. उन्हात टाकून सपाट करायची पोरीची सूचना काकाजींनी फेटाळली. असला फेस वैशाखाच्या उन्हात आक्रसतो आणि मग कमी कोणी केली, कंपनीनं की कारंज्याच्या सूर्यानं, हा वाद उभा राहतो.

सकाळी मोजणी झाली. लगतच्या खातेदारांना नोटीस असते तसं मला आणि समोरच्या किराणा दुकानदाराला पंच म्हणून बोलावणं आलं. डावी कड, मधली रेघ, उजवी कड, अशा तीन जागी टेप लावली. कापडी टेप त्यांनी हातातही घेतली नाही. शिंप्याची टेप वर्षानुवर्षं ओढून लांबते आणि लांबलेली टेप वस्तू कमी दाखवते. शिवाय स्टीलच्या टेपच्या टोकाला जो आकडा असतो तो जरासा हलतो. तो सैल झालेला नसतो, मुद्दाम तसा ठेवलेला असतो : बाहेरून अडकवलं तर तो स्वतःच्या जाडीइतका पुढे सरकतो, आतून टेकवलं तर तितकाच मागे जातो, म्हणजे दोन्ही मापं खरी येतात. पण ही तरतूद नव्या टेपची. जुन्या टेपच्या आकड्यावर काकाजींचा विश्वास नव्हता. खात्यातली शिकवण अशी की झिजलेल्या शून्याचा भरवसा धरायचा नाही. दहाच्या खुणेपासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे. त्यांनी तसंच केलं. टोकाला टेपवर १८३ आलं. वजा दहा. मॅट भरली १७३. तिन्ही जागी तेवढीच.

"दहा सेंटीमीटर गायब," काकाजी म्हणाले. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. निवृत्तीनंतर एवढा ताजातवाना चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

त्यानंतर त्यांनी अर्ज लिहिला. तो कोऱ्या फुलस्केपचे तीन कागद भरून होता. सुरुवातच अशी : 'उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा मौजे कारंजा (घाडगे) येथील कायम रहिवासी असून, वादातील मॅट ही अर्जदाराच्या प्रत्यक्ष कब्जात आहे. तिची चतुःसीमा येणेप्रमाणे : पूर्वेस दिवाण, पश्चिमेस फ्रिज, दक्षिणेस रहदारीचा मार्ग, उत्तरेस देवघर.' पुढे आयुष्यातल्या मोजण्यांचा आढावा होता, योगाचं महत्त्व होतं, पतंजली ऋषी होते, कंबरेचा एक्स-रे होता. मुख्य तक्रार तिसऱ्या पानावर, सहीच्या थोडी वर.

हा अर्ज ते रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह धाडणार होते. पोस्टात गेल्यावर कळलं की रजिस्टर पोस्ट ही सेवाच २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाली. मॅटपेक्षा हा धक्का मोठा होता. ते घरी येऊन तासभर कोणाशी बोलले नाहीत. मग पोरीनं मोबाइलमधलं तक्रारीचं पान उघडून दिलं.

तिथे कारणांची यादी होती आणि त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. वस्तू फुटली आहे. वस्तू आलीच नाही. आता नको आहे. यापेक्षा स्वस्त मिळाली. 'लांबी कमी भरली' असं कारण कुठेच नाही. पोरगी म्हणाली, "काकाजी, 'आता नको आहे' वर दाबून द्या ना, लवकर होते." काकाजी तिच्याकडे असे पाहू लागले की जणू तिनं खोटी साक्ष द्यायला सांगितली आहे. आणि त्यांचं बरोबर होतं. 'आता नको' म्हटलं की दोष आपल्याकडे येतो. मग परत न्यायचं भाडं कापतात, मुदत संपली म्हणतात, किंवा मालात खोट नव्हतीच असं उद्या तुमच्याच उत्तरावरून सिद्ध करतात. शोधता शोधता खालच्या बाजूला 'वर्णनाप्रमाणे वस्तू नाही' असं एक कारण सापडलं. तेच निवडायचं असतं. पुढच्या रकान्यात फक्त हजार अक्षरं मावत होती, त्यामुळे दिवाण, फ्रिज आणि पतंजली ऋषी गळाले. सोबत टेपचा फोटो जोडला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : 'प्रिय ग्राहक, आपण पाठवलेल्या फोटोत मॅटची लांबी १८३ सेंमी दिसत आहे. हे वर्णनाशी जुळते. आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.'

फोटो खरोखर तसाच होता. टेपचं शेवटचं टोक, त्यावर १८३. दहाच्या खुणेपासून मोजलंय हे सुरुवातीच्या टोकाला दिसतं, आणि सुरुवातीचं टोक फोटोत नव्हतं. उभ्या आयुष्यात काकाजींच्या मोजणीवर अपील झालं नव्हतं असं नाही, पण त्यांच्याच टेपनं त्यांच्याविरुद्ध साक्ष पहिल्यांदाच दिली. काकू पदर तोंडाशी धरून आत गेल्या. किराणावाला पंच म्हणाला, "काकाजी, जाऊ द्या नं बाप्पा. दहा सेंटीमीटरनं काय होते?"

"बांध दहा सेंटीमीटर सरकला तर काय होते, तुले माईत नाही?" काकाजी म्हणाले. किराणावाल्याचा चुलतभावाशी दावा आठ वर्षं चालू आहे. तो गप्प बसला.

इथून काकाजींमधला खरा भूकरमापक जागा झाला. मॅटचं एक टोक भिंतीला चिकटवलं, टेपचा आकडा त्याच भिंतीवर दाबून धरला, म्हणजे शून्य कुठे आहे याबद्दल कोणाला शंका नको. पोरीनं दिवाणावर चढून एकाच फोटोत भिंत, पूर्ण टेप आणि दुसरं टोक घेतलं. मग दोन्ही टोकांचे जवळून दोन वेगळे फोटो. दुकानाच्या पानाचाही फोटो तिनं घेतला, ज्यात १८३ हा आकडा, किंमत आणि त्या दिवसाची तारीख एकत्र दिसते. हे काम खरं तर वस्तू मागवतानाच करायचं, कारण ते पान दुकानदाराच्या हातात असतं आणि सातबारासारखा त्याच्या फेरफाराला तलाठी लागत नाही. बिल मोबाइलवर होतं, ते उतरवून ठेवलं. त्यावर खरा विकणारा कोण ते कळलं. मोबाइलवर दिसणारं दुकान म्हणजे नुसता बाजार, गाळा दुसऱ्याचाच.

तक्रार पुन्हा उघडली, तेवढ्यात दुसरं उत्तर आलं. या वेळचा प्रतिनिधी वेगळा होता. त्यानं लिहिलं, की वस्तूचं माप ६१ × १२ × १२ सेंमी आहे आणि ते बरोबर आहे. काकाजींनी ते दोनदा वाचलं. बारा सेंटीमीटर रुंदीच्या मॅटवर फार तर मुंगूस शवासन करू शकेल. मग लक्षात आलं की ते गुंडाळीचं, पार्सलचं माप आहे. दुकानाच्या पानावर वस्तूचं माप आणि खोक्याचं माप असे दोन रकाने असतात. उत्तर देणाऱ्यासमोर जो आधी येतो तो तो टाकून देतो. हे जाणूनबुजून असतं असं मला वाटत नाही. त्याला दिवसाला किती तक्रारी उपसायच्या असतात कोण जाणे. पण ग्राहकानं गोंधळून सोडून देण्याचं प्रमाण यामुळे वाढतं हे मात्र नक्की.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडची मुलगी हिंदीतून फार अदबीनं म्हणाली की गैरसोयीबद्दल पन्नास रुपये परत करतो, मॅट ठेवून घ्या, तक्रार मागे घ्या. काकाजींनी तिला थांबायला सांगितलं आणि पाठकोऱ्या कागदावर गणित मांडलं. एकशे त्र्याऐंशी सेंटीमीटरचे सहाशे एकोणपन्नास, तर दहा सेंटीमीटरचे किती? पस्तीस रुपये सेहेचाळीस पैसे. म्हणजे ती चौदा रुपये चौपन्न पैसे जास्त देत होती.

"बेटा, आप जादा दे रहे हो," काकाजी म्हणाले, "और जो चाहिये वो नही दे रहे हो."

तिला बिचारीला काय बोलावं सुचेना. मला मात्र ही त्यांची सगळ्यात पक्की दलील वाटली. दहा सेंटीमीटर मॅट सुटी विकत मिळत नाही. ज्याच्या टाचा बाहेर आल्या त्याला पस्तीस रुपयांचा फेस जोडून देता येत नाही. त्याच्या दृष्टीनं वस्तूच चुकीची आली आहे. कमी भरलेल्या गव्हाला पैसे परत हा न्याय चालतो, आखूड निघालेल्या धोतराला चालत नाही.

कोडं अजून सुटलं नव्हतं ते एवढंच, की दहाच का? मोजणीत चूक राहतेच, काकाजी सांगू लागले, पण चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे. पोरीनं त्या वस्तूखालचे इतर ग्राहकांचे अभिप्राय वाचून दाखवले. पाच-सहा जणांनी लांबीचा उल्लेख केला होता, आणि जास्त भरली असं कोणीच म्हणत नव्हतं. "सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या तर तिले चूक म्हणत नाही," काकाजी म्हणाले, "तिले अतिक्रमण म्हणते."

उत्तर मिळालं ते काकूंकडून. मॅटची ती लांबट पारदर्शक पिशवी त्यांनी टाकली नव्हती. टाकणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यात त्यांनी घरातल्या तिन्ही छत्र्या उभ्या करून ठेवल्या होत्या. काकाजी छत्री काढायला गेले आणि पिशवीवरचं बोटभर लेबल दिसलं. उत्पादकाचं नाव, पत्ता, महिना, कमाल किरकोळ किंमत, आणि बारीक अक्षरात : आकार १७३ × ६१ सेंमी.

म्हणजे मॅट कमी नव्हतीच. ती जेवढी होती तेवढीच होती. योगा मॅट बाजारात मुख्यतः दोन लांबींत येतात, अडुसष्ट इंची आणि बहात्तर इंची. अडुसष्ट इंच म्हणजे १७३ सेंटीमीटर, बहात्तर म्हणजे १८३. कारखान्यानं अडुसष्ट इंची बनवली, पिशवीवर तसं छापलं. विकणाऱ्यानं पान बनवताना बहात्तर इंचीचं वर्णन तसंच उचलून लावलं, किंवा सहा फुटी लिहिलं की जास्त खपते म्हणून लावलं. मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. आपल्याला पुरतं एवढंच, की पानावर एक आकडा आणि पिशवीवर दुसरा, आणि दोन्ही लेखी.

लेखी! काकाजींचे डोळे पाणावले.

त्या रात्री त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. पहिल्याचे तीन कागद समोर होते, पण त्यातलं एक वाक्य घेतलं नाही. हा अर्ज मी पूर्ण देतो, कारण माझ्या मते तालुक्यातल्या तक्रारींच्या इतिहासात एवढा आटोपशीर अर्ज झालेला नाही :

'प्रति, तक्रार निवारण अधिकारी. विषय : १८३ सेंमी म्हणून विकलेली योगा मॅट १७३ सेंमी असल्याबाबत.

महोदय, सोबतच्या बिलाप्रमाणे मी आपल्याकडून एक मॅट ६४९ रुपयांस घेतली. आपल्या पानावर लांबी १८३ सेंमी आहे (फोटो १). मॅट रात्रभर सपाट ठेवून भिंतीपासून मोजली असता तीन जागी १७३ सेंमी भरली (फोटो २ ते ४). पिशवीवरील छापील लेबलातही १७३ सेंमी असेच आहे (फोटो ५). पहिल्या तक्रारीसोबतच्या फोटोत १८३ दिसते, कारण ते माप दहाच्या खुणेपासून घेतले होते. तो फोटो मी मागे घेतो.

लांबीने विकल्या जाणाऱ्या आवेष्टित मालात कायदा दोन टक्क्यांपर्यंतचा फरक पोटात घालतो. तोच मापदंड लावला तरी १८३ सेंमीला साडेतीन सेंमीच्या किंचित वर सूट होते. येथील फरक दहा सेंमी, म्हणजे जवळपास साडेपाच टक्के आहे.

वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्यास ती परत घेण्यास नकार देता येत नाही, असे ई-कॉमर्स नियम, २०२० सांगतात. तरी १८३ सेंमीची मॅट द्यावी, किंवा ही नेऊन पूर्ण रक्कम परत करावी. पन्नास रुपयांचा देकार अमान्य आहे. पोच अठ्ठेचाळीस तासांत व निर्णय एक महिन्यात मिळावा. आपला, एक मोजणारा ग्राहक.'

शेवटच्या शब्दांवर मी हरकत घेतली. सरकारी पत्रात असं लिहीत नाहीत. काकाजी म्हणाले, "तेवढं राहू द्या."

अठ्ठेचाळीस तास आणि एक महिना या मुदती काकाजींच्या मनच्या नाहीत, त्याच नियमांतल्या आहेत. त्यानंतरही कोणी दाद दिली नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि तिच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं एक मोठी सोय केली : विकणारा दिल्लीत असो की सुरतेत, तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे त्याला वर्ध्याला यावं लागलं असतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फी लागत नाही. काकाजींनी वर्ध्याच्या एसटीचं वेळापत्रकही पाहून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ती वेळ यावी असं त्यांना मनातून वाटत होतं.

ती आली नाही. दुसऱ्या दिवशी पोच आली, आठवडा उलटायच्या आत उत्तर. या वेळी 'प्रिय ग्राहक' नव्हतं, काकाजींचं आडनाव होतं. पूर्ण ६४९ रुपये खात्यात जमा करत आहोत. आपल्या पिनकोडवरून वस्तू परत नेण्याची सोय नसल्यामुळे मॅट आपल्याकडेच ठेवावी.

आपण असतो तर पेढे वाटले असते. काकाजी दोन दिवस अस्वस्थ होते. पैसेही परत आणि मॅटही घरात, हा हिशोब त्यांना बसेना. बिनपैशाची वस्तू कब्जात ठेवायची म्हणजे त्यांच्या भाषेत अतिक्रमण, आणि उलट्या बाजूनं झालेलं अतिक्रमणही अतिक्रमणच. त्यांनी कंपनीला कळवलं की मॅट घेऊन जा. कंपनीनं कळवलं की ठेवा. असं दोनदा झालं. शेवटी मॅट शेजारच्या पोरीला दिली, 'तात्पुरत्या ताब्यात' अशी चिठ्ठी लिहून घेऊन. तिची उंची पाच फूट एक इंच. तिला ती मॅट मोठीच होते.

लोक काकाजींना हसतात. मीही हसतो, हा लेख त्याचाच पुरावा आहे. पण परवा किराणावाला बाहेरून आलेल्या तेलाच्या पिशव्या काट्यावर ठेवून पाहत होता, आणि माझी बायको नव्या चादरीची लांबी वितीनं मोजत होती. पूर्वी आमच्या गल्लीत हे होत नव्हतं.

दुकानाच्या त्या पानावर तक्त्यातला आकडा आता १७३ झाला आहे. काकाजी त्याला 'फेरफार मंजूर' म्हणतात. शीर्षकात मात्र अजूनही 'सहा फुटी' असंच आहे आणि किंमत तीच आहे, म्हणून त्यांचा पुढचा अर्ज तयार होतो आहे. शवासन ते सध्या काकूंच्या माहेरच्या सतरंजीवर करतात. ती सात फूट दोन इंच आहे. त्यांनी मोजली आहे.